ग्रुप फोटो हातात घेऊन उभ्या राहा

*प्रश्न: सर, आमची दहावी मार्च 2006 ची. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचं गाव आहे. येत्या मे महिन्यात शाळेच्याच हॉलमध्ये वीस वर्षांनी गेट-टुगेदर ठरलंय. बॅच 61 जणांची होती, त्यातले चार जण आज नाहीत. दोघांच्या घरचेही येणार आहेत. स्वागताचं भाषण माझ्यावर आलंय. सगळे म्हणतात, ‘मजा आण’. पण त्या चौघांचं काय करू? हसवता हसवता एकदम श्रद्धांजली कशी म्हणायची? आणि त्यानंतर परत हसवायचं कसं?*

ताई, मजा आणणं तुम्हाला जमेल, कारण समोर बसलेले सगळे हसायच्या तयारीनेच आलेले असतात. अडचण दोन वळणांवर आहे. हशातून शांततेत जाताना एक, आणि शांततेतून परत येताना दुसरं. गेली पंचवीस वर्षं मी लग्नं, शाळांचे मेळावे, निवृत्तीचे समारंभ यांत माईकवर उभा आहे. मेळाव्यातली भाषणं पडताना पाहिली ती बहुतेक या दोन जागांवरच, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी भाषणाची लांबी ठरवा. आठ मिनिटं, त्यावर नको. हशाला आणि टाळ्यांना जागा ठेवून मराठीत मिनिटाला साधारण नव्वद-शंभर शब्द होतात, म्हणजे कागदावर सातशे-आठशे शब्द. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं ‘आदरणीय, सन्माननीय’ करत घेण्याचं काम सूत्रसंचालकाकडे द्या. तुम्ही फक्त ‘आमचे सर, आमच्या बाई आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यांनो’ म्हणा आणि सुरू करा.

आता श्रद्धांजली कुठे ठेवायची? आपल्याकडची रीत म्हणजे दीपप्रज्वलन झालं की लगेच मौन, एकदाचं उरकून टाकलं. मला ते पटत नाही. त्या वेळी निम्मे लोक गेटवर एकमेकांना मिठ्या मारत असतात, उशिरा येणाऱ्याचं तर ते हुकतंच. शिवाय आल्या आल्या माणूस त्या दुःखाला तयार नसतो. दुसरी चूक म्हणजे ते शेवटी ठेवणं. मग मंडळी जड मनाने जेवणाच्या रांगेत लागतात. आठ मिनिटांत पाचवं मिनिट ही त्याची जागा. तोवर वर्ग पुन्हा वर्ग झालेला असतो, आणि नंतर सावरायला तीन मिनिटं उरतात.

वळण घ्यायला एखादी वस्तू हाताशी असली तर सोपं जातं. ‘आता जरा गंभीर होऊ या’ असं म्हणालात की हॉलमधला प्रत्येक जण चेहरा ठीकठाक करायला लागतो आणि सगळं खोटं होतं. त्याऐवजी ज्या गोष्टीवरून हसवत होतात, तीच गोष्ट तुम्हाला त्या चौघांपाशी नेऊन सोडेल असं पाहा. तुमच्या बॅचसाठी मी दहावीचा ग्रुप फोटो घेईन. तो कुणाच्या तरी कपाटात असेलच. मोठा करून घ्या आणि भाषणाच्या पहिल्या वाक्यापासून हातात धरा. पडद्यावर नको. पडदा असला की लोक तुमच्याकडे बघत नाहीत, आणि हॉलमधली लाईट गेली तर भाषणच जातं.

सुरुवात अशी करता येईल:

‘हा फोटो काढला त्या दिवशी फोटोग्राफर तीनदा म्हणाला, हलू नका. तीन रांगा, मागची रांग बाकांवर उभी. त्यातला एक बाक डुगडुगत होता हे फोटोग्राफरला कुणी सांगितलं नाही. म्हणून मागच्या रांगेत उजवीकडच्या पाच जणांचे चेहरे बघा, आपण कुठेतरी पडणार आहोत हे त्यांना कळलेलं आहे.’

हा विनोद माझा. तुम्ही तुमचा फोटो भिंगाखाली धरून बघा, त्यात तुमचे विनोद सापडतील. कुणाचे डोळे मिटलेत, कुणी भावाचा शर्ट घातलाय, कुणाच्या डोक्यावर त्या वर्षीच्या धोनीसारखे केस आहेत. हसू येतं ते अशा तपशिलाला. ‘काय ते दिवस होते’ याला फक्त मान हलते.

दुसरा साठा म्हणजे तुमचं साल. थोडं खणलं की असं काही हाती येतं जे तुमच्याच बॅचला लागू पडतं. उदाहरण देतो. तुम्ही मार्च 2006 ला दहावी दिलीत, म्हणजे वाटेत न अडखळलेला जून 2000 मध्ये पाचवीत गेला. मराठी माध्यमात तुमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. आणि नेमक्या त्याच जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी लागू झालं. हे असं मांडा:

‘मी पाचवीत, माझा धाकटा भाऊ पहिलीत. संध्याकाळी लाईट गेली की दोघं एकाच कंदिलाखाली बी फॉर बॉल करत बसायचो. त्याचं आधी पाठ झालं. सरकारने आपल्याबरोबर एवढंच केलं, की आपल्या वर्गाला पहिलीतल्या पोरांबरोबर शर्यतीला उभं केलं. बाई, आपण इथे आहात म्हणून सांगते, ती शर्यत अजून चालू आहे.’

यात कुणाचा अपमान नाही, हसू स्वतःवर आहे, आणि इंग्रजीच्या बाई समोर बसल्या असतील तर त्या सगळ्यात आधी हसतील. भाऊ नसेल तर शेजारचं पोर घ्या, पण खोटा भाऊ आणू नका. गावात एक जण उठून विचारतोच, ‘तुला भाऊ कधी झाला?’

कुणावर हसायचं नाही हेही थोडक्यात. रंग, अंग, बोलण्यातली अडखळ, नापास होणं आणि मुला-मुलींच्या जोड्या लावणं. हे शेवटचं सगळ्यात घात करतं, कारण वीस वर्षांपूर्वीच्या चिडवण्यातली ती मुलगी आज नवऱ्याबरोबर दुसऱ्या रांगेत बसलेली असते. टोपणनावांनाही हात लावण्याआधी त्या माणसाला फोन करा. काही टोपणनावं जातीवरून, बापाच्या धंद्यावरून पडलेली असतात. ज्याला पडलं तो विसरलेला नसतो, पाडणारे विसरलेले असतात. आणि तुमच्या गावात आणखी एक गोष्ट. तुमच्या दहावीच्या वर्षी, 2005 च्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला होता. ‘पुरामुळे मिळालेली सुट्टी’ ही आठवण तुम्हाला सुचणारच. पण पुढे 2019 ला आणि 2021 ला परत पाणी आलं, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणाचं घर त्यात गेलेलं असेल. तेव्हा सुट्टीची मजा सांगायचीच असेल तर आधी दोघा-तिघांना विचारून बघा. मी असतो तर ती सोडून दिली असती.

आता त्या चौघांबद्दल. इथे तुमचं खरं काम भाषणाच्या महिनाभर आधीच सुरू होतं.

पहिलं काम, यादीची खात्री. हे मी स्वतःची फजिती झाल्यावर शिकलो. एका मेळाव्यात संयोजकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नावं मला कागदावर उतरवून दिली आणि मी वाचली. त्यातलं एक नाव-आडनाव दोन्ही तुकड्यांत होतं. गेलेला होता ब तुकडीतला, मी ‘अ तुकडी’ म्हणून वाचलं. अ तुकडीतला तो गृहस्थ पुण्याहून निघालेला होता, एसटी बंद पडल्यामुळे अडकलेला. हॉलमधून त्याच्या मेव्हण्याला चार फोन गेले. माणूस दुपारी आला, हसला, माझ्या पाठीवर थाप मारली, पण त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलं नाही ते नाहीच. आणि जो खरंच गेला होता त्याचं नाव त्या गोंधळात नीट घेतलंच गेलं नाही, हे मला जास्त लागलं. तेव्हापासून मी मुख्याध्यापकांना विनंती करतो आणि जुन्या हजेरीपटावरून किंवा जनरल रजिस्टरवरून वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव ताडून घेतो. शिवाय प्रत्येक नावामागे घरच्या एका माणसाशी बोलणं झालेलं असलं पाहिजे. ‘तो पण गेला म्हणे’ एवढ्यावर नाव वाचायचं नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट हमखास चुकते. वर्ग तिला माहेरच्या नावाने ओळखतो आणि सासरची माणसं दुसऱ्याच. फक्त सासरचं नाव घेतलं तर निम्मा वर्ग एकमेकांना विचारतो, ‘कोण गं ही?’ आणि त्या कुजबुजीतच मौन सुरू होतं. आधी हजेरीतलं नाव घ्या, मग सासरचं.

दुसरं काम, घरी फोन करणं किंवा जाऊन येणं. दोन गोष्टी विचारा. नाव घेतलेलं चालेल ना? आणि त्याच्याबद्दल काय सांगू? एका मुलाच्या आईकडे मी असाच गेलो होतो. मनात वाक्यं जुळवून गेलो होतो, ‘मनमिळाऊ, हसतमुख’ वगैरे. त्या माउलीने चहा पुढे सरकवला आणि म्हणाली, ‘त्याला दोन्ही हात सोडून सायकल यायची. पुलावरून तसाच यायचा. मी ओरडायची. ते सांगा.’ मी तेवढंच सांगितलं. सगळ्या वर्गाने तो पूल पाहिलेला होता.

म्हणून प्रत्येकामागे एकच गोष्ट, डोळ्यांना दिसेल अशी, एका वाक्यात. चौघांना सारख्याच लांबीची वाक्यं द्या. एकाबद्दल पाच ओळी आणि दुसऱ्याबद्दल फक्त नाव असं झालं तर त्या दुसऱ्याच्या घरचे ते घेऊनच घरी जातात. कुणाबद्दल कुणालाच फारसं आठवत नसेल तर तो कोणत्या बाकावर बसायचा ते सांगा. तेही पुरतं.

मृत्यूचं कारण मात्र सांगायचं नाही, कुणाचंच. चौघांत एखादा अपघात असेल, एखादा 2021 च्या करोनाच्या लाटेत गेलेला असेल, आणि एखाद्याने स्वतःचं काही करून घेतलेलं असेल. तिघांची कारणं सांगून चौथ्यापाशी गप्प बसलात की हॉलला सगळं कळतं. ‘काळाने घाला घातला’, ‘अल्पशा आजाराने’, ‘काळाच्या पडद्याआड’ ही वर्तमानपत्रातली आणि फ्लेक्सवरची भाषा आहे, तिच्यात तुमचा दोस्त दिसत नाही. नावामागे ‘कैलासवासी’ लावण्याचीही गरज नाही. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात, मग कुणाला काय लावायचं हा घोळ होतो. हजेरीत जसं होतं तसं नाव घ्या.

क्रमही हजेरीचाच ठेवा. कोण आधी गेला, कोण जवळचा, असले हिशेब त्यात येत नाहीत. पण इथे एक मोह होतो तो टाळा. हजेरी घ्यायची, हयात असलेले ‘हजर’ म्हणणार, आणि गेलेल्याचं नाव आलं की उत्तर नाही, शांतता. कल्पना म्हणून जोरदार वाटते. मी ती एकदा होताना पाहिली. तिसऱ्या रांगेत त्या मुलाची आई बसली होती आणि त्या रिकाम्या सेकंदांत सगळा हॉल मागे वळून तिच्याकडे बघत होता. तसंच रिकामी खुर्ची, तिच्यावर हार, मागे हळू बासरी. समोर घरचे बसलेले असताना नाटक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वळणाची जागा. फोटो हातात आहेच. शेवटचा विनोद मोठ्या हशाचा नको, ओठांवर हसू राहील एवढाच हवा. मग दोन-तीन सेकंद थांबा, फोटोकडे बघा, आवाज खाली आणू नका, फक्त वेग कमी करा:

‘या फोटोत आपण 61 जण आहोत. निमंत्रणं पाठवताना आम्ही हा फोटो समोर ठेवला होता आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत फोन लावत होतो. चार ठिकाणी बोट थांबलं. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा…’

इथे पहिलं नाव. मग त्याचं एक वाक्य. मग पुढची जागा, पुढचं नाव. ‘दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा’ यामुळे होतं काय, की ऐकणारा मनात तो फोटो बघतो आणि नाव येण्याआधीच त्याला चेहरा दिसतो. चौघांतलं सर्वात हलकं वाक्य, सायकलसारखं, शेवटी आलं तर फार बरं, पण त्यासाठी हजेरीचा क्रम मोडू नका.

या फोटोतले कुणी शिक्षक गेले असतील तर त्यांचं नाव आधी, त्याच पद्धतीने.

मग मौन. ‘दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या’ असं म्हणायची पद्धत आहे, आणि प्रत्यक्षात पंचवीस सेकंदांत कुणीतरी खाकरतं आणि सूत्रसंचालक ‘धन्यवाद’ म्हणून टाकतो. खरी दोन मिनिटं अशा हॉलमध्ये फार लांब पडतात, लहान मुलं असतात. एक मिनिट म्हणा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबा. त्याआधी तीन माणसांना सांगून ठेवा. साउंडवाल्याला, की त्या वेळात माईक चालू-बंद करू नको आणि संगीत लावू नको. आचाऱ्याला, की साधारण अमुक वाजता पातेल्यांचा आवाज नको. शाळेचा हॉल आणि जेवणाची जागा लागूनच असते, आणि त्या मिनिटात झाऱ्याचा आवाज गडगडाटासारखा येतो. तिसरा म्हणजे फोटोग्राफर. मौनात घरच्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा धरायचा नाही. हे त्याला आधी सांगितलं नाही तर तो धरतोच, त्याला वाटतं हाच फोटो मागतील.

मिनिट संपलं की काय म्हणायचं, यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. विनोद करायचा नाही. ‘चला, आता आनंदाकडे वळू या’ असंही म्हणायचं नाही. ज्याचे डोळे ओले आहेत त्याला ते वाक्य हाकलल्यासारखं वाटतं. एक साधी, कामाची सूचना द्या. ‘बसा’ हा पहिला शब्द. मग पाच-सहा सेकंद खुर्च्यांचा आवाज होऊ द्या, लोक नाकं पुसतात, पाणी पितात. आणि मग:

‘साडेबाराला हाच फोटो परत काढायचा आहे. त्याच पायऱ्यांवर, त्याच रांगांत. आपापली जागा आठवून ठेवा, ज्यांना आठवत नसेल त्यांनी इथे येऊन बघावं. त्या चौघांच्या घरून जे आले आहेत, त्यांनीही आमच्यात यावं, तुमच्यासाठी जागा आम्ही करू.’

सूचना कामाची असते, म्हणून तिच्यात भावना झटकल्याचा भाव येत नाही. माणसाला हातपाय हलवायला काहीतरी मिळतं आणि मन मागोमाग येतं. घरच्यांना फोटोत यायचं की नाही हे मात्र फोनवरच विचारून ठेवा, माईकवरून आग्रह नको. नको म्हणाले असतील तर ते वाक्य गाळा.

यानंतर पहिला विनोद परत त्या बाकाचा:

‘मागच्या रांगेला सूचना. तेव्हा त्या बाकावर पाच जण मावले होते. आज सर म्हणतात, तीनच चढा. बाक तोच आहे, आणि शाळेला तो परत हवा आहे.’

हा हशा आधीच्यापेक्षा मोठा येतो. लोकांना हसायला परवानगी हवी असते आणि ओळखीची गोष्ट परत आली की ती मिळते. म्हणून सुरुवातीला पेरलेली एक गंमत राखून ठेवा, नवी काढू नका. त्यानंतर सरांचं-बाईंचं स्वागत, जेवणाची वेळ, आणि तुमचं भाषण संपलं. ‘शेवटी एवढंच म्हणेन’ नको. ‘साडेबारा, पायऱ्या’ एवढ्यावर माईक खाली ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून लिहितो. रडू आलं तर? बहुतेक वेळा ते दुसऱ्या नावाला येतं, पहिलं माणूस तयारीने घेतो. थांबा, पाणी प्या, ‘माफ करा’ म्हणू नका, कुणाची काही तक्रार नसते. ती नावांची पानं मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच नाव अशी घ्या, म्हणजे ओल्या डोळ्यांनी ओळ चुकणार नाही. आणि त्याच पानांची एक प्रत वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, शक्यतो जो कमी बोलतो अशा मित्राकडे. त्याने पहिल्या रांगेत कडेला बसायचं. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत की त्याने उठून पुढचं नाव वाचायचं, माईकशिवाय. तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं का, एवढं आदल्या दिवशी दोघांनी जाऊन एकदा बोलून बघा.